अडीच मिलिग्रॅमची वाफ आणि दोन फवारे

पेशंट सहा वर्षांचा मुलगा, वजन १८ किलो. यावल तालुक्यातलं गाव, घरची शेती केळीची आणि कपाशीची. तिसऱ्या वर्षापासून सर्दी झाली की छाती वाजायची, वर्षभरापूर्वी दम्याचं निदान झालेलं. घरात दम लागल्यावर घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप होता, त्याला जोडायचा प्लास्टिकचा पोकळ डबा, म्हणजे स्पेसर होता. रोज घ्यायचा ब्युडेसोनाइडचा पंपही लिहून दिलेला होता, पण दिवाळीनंतर मुलगा बरा दिसू लागला तसा तो बंद झाला. हे आपल्याकडे इतक्या वेळा होतं की मी आता त्यावर चिडतही नाही.

जानेवारीतला रविवार. मळ्यात भरिताचा बेत होता, पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजली. मुलाला दोन दिवस सर्दी होतीच, त्यात त्या धुरात तो तासभर खेळला. रात्री दहाच्या सुमारास खोकला वाढला, पोट आत ओढू लागलं आणि छातीतून शिट्टी ऐकू येऊ लागली.

घरात वाफेचं मशीन होतं. थोरल्या काकांनी, म्हणजे जिभाऊंनी, जळगावहून आणलेला कॉम्प्रेसरवाला नेब्युलायझर. सोबत दोन खोकी: साल्ब्युटामॉलच्या नळ्या, २.५ मिलीमध्ये २.५ मिलिग्रॅम, आणि ब्युडेसोनाइडच्या नळ्या, २ मिलीमध्ये ०.५ मिलिग्रॅम. मुलाचे वडील हिशेबाला पक्के. फवारणीच्या पंधरा लिटरच्या पंपाला कोणतं औषध किती मिली टाकायचं हे गावातले लोक त्यांना विचारतात. त्यांनी खोक्यावरचं वाचलं आणि आकडे मांडले. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, डॉक्टरांनी दोन फवारे सांगितलेले, म्हणजे २००. नळीत मात्र २,५०० मायक्रोग्रॅम. साडेबारापट! लहान लेकराला एवढं एकदम कसं द्यायचं, काळीज धडधडलं तर? म्हणून त्यांनी अर्धीच नळी मशीनमध्ये टाकली आणि उरलेली अर्धी टोक दुमडून फ्रिजमध्ये ठेवली.

दहा वाजता अर्धी नळी दिली. दोन-तीन मिनिटांतच मशीन फुरफुरायला लागलं, वाफ संपली. अकरा वाजता ब्युडेसोनाइडची पूर्ण नळी दिली, कारण कोणीतरी "ही जास्त पॉवरफुल आहे" असं सांगितलेलं. साडेबाराला फ्रिजमधली अर्धी दिली. मुलगा पेंगत होता, मास्क नकोसा झाला होता, म्हणून आईने तो तोंडापासून चार बोटं लांब धरला. दोन वाजता ते माझ्याकडे पोहोचले.

"दाक्तर साहेब, पोऱ्याले दम लागी ऱ्हायना, तीनदा वाफ दिधी तरी फरक नही," आजी दारातूनच म्हणाली.

मुलगा पुढे वाकून, दोन्ही हात कॉटवर टेकून बसलेला. नाव विचारलं तर नाव सांगून थांबला, गावाचं नाव सांगायला पुन्हा श्वास घ्यावा लागला. श्वास मिनिटाला ४४, नाडी १३८, बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन ९१ टक्के. बरगड्यांखाली खड्डे पडत होते. शिट्टी दोन्ही बाजूंना ऐकू येत होती आणि त्या क्षणी तीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट होती. दम लागलेल्या मुलाची छाती वाजायची थांबते, तेव्हा हवा आत-बाहेर होणंच कमी झालेलं असू शकतं. घरचे मात्र नेमकं तेव्हा "शिट्टी गेली, बरं वाटतंय" असं समजतात. या वयात पूर्ण वाक्य न बोलता येणं, श्वास तिसाच्या वर, नाडी सव्वाशेच्या वर आणि ऑक्सिजन ९२ च्या खाली, हा तीव्र झटका मानतात. मुलगा त्यात बसत होता.

वडिलांनी सगळं वेळेसह सांगितलं. "सर, डोस जास्त होऊ नये म्हणून अर्धीच टाकली." त्यांचा गुणाकार बरोबर होता. फक्त नळीवरचा आकडा आणि पंपावरचा आकडा एकाच मापाचे आहेत, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. ते तसे नसतात.

नळीतल्या २,५०० मायक्रोग्रॅमचं काय होतं ते पाहू. पुढचा हिशेब ढोबळ आहे, समजण्यापुरता. अशा कॉम्प्रेसरवाल्या, म्हणजे जेट नेब्युलायझरच्या कपात तळाला आणि भिंतींना चिकटून साधारण एक मिली द्रव उरतोच, तो कधीच वाफ होऊन बाहेर येत नाही. म्हणजे २.५ मिलीपैकी दीड मिलीच उडतो, १,५०० मायक्रोग्रॅम. मशीन सतत वाफ सोडत राहतं, मूल मात्र निम्म्याहून कमी वेळ श्वास आत घेत असतं. श्वास सोडताना निघालेली वाफ मास्कच्या भोकांतून खोलीत जाते. उरलेल्यातले मोठे थेंब नाकात, घशात, गालावर बसतात. शेवटी छातीत खोलवर पोहोचतं ते नळीवरच्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आणि मूल रडत असेल किंवा मास्क लांब असेल तर त्याहूनही बरंच कमी. वाफेचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो तो यासाठी. वाया जाणारा भाग त्यात आधीच धरलेला असतो.

आता अर्धी नळी घ्या. कपात पडला १.२५ मिली. त्यातला एक मिली कपातच राहिला, उडाला जेमतेम पाव मिली. पूर्ण नळीतून दीड मिली उडतो, अर्धीतून पाव. म्हणजे औषध निम्मं केलं की डोस निम्मा होत नाही, सहावा हिस्सा होतो! मशीन दोन-तीन मिनिटांत फुरफुरलं ते यामुळेच. कपात एकूण तीन-चार मिली द्रव असेल तर वाफ साधारण आठ-दहा मिनिटं चालते. त्याच्या बरीच आधी थांबली तर औषध कमी पडलं असं समजावं. डॉक्टरांनी नळीपेक्षा कमी डोस सांगितलाच असेल, तरी कपातला द्रव नॉर्मल सलाईनने तीन मिलीपर्यंत भरायचा. साध्या पाण्याने नाही, दम्याच्या श्वासनळ्या नुसत्या पाण्याच्या वाफेने आणखी आवळू शकतात.

साडेबाराच्या अर्ध्या नळीचीही तीच गत झाली, त्यात मास्क लांब धरलेला. चार बोटं म्हणजे काही फार नाही असं वाटतं, पण तेवढ्या अंतरावर वाफ बाजूलाच निघून जाते. शिवाय उघडी नळी फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरायची नसते. तिच्यात जंतू रोखणारं काही नसतं, उघडली की वापरायची नाहीतर टाकायची.

थोडक्यात, मुलाला चार तासांत श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध जवळपास मिळालंच नव्हतं. घरच्यांच्या मते तीन वाफा झाल्या होत्या. "इतकं देऊनही फरक नाही" असं ऐकलं की डॉक्टरही घाबरून पुढच्या पायरीवर उडी मारू शकतो. म्हणून काय दिलं एवढं विचारून भागत नाही. किती मिली टाकलं आणि वाफ किती वेळ चालली हेही विचारावं लागतं.

आम्ही केलं ते सरधोपट होतं. साल्ब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण नळी. वजनाने काढायचा तर किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम आणि कमीत कमी २.५, अठरा किलोला २.७ येतात, तेव्हा एक नळी बरोबर बसते. वीस किलोच्या वरच्या मुलाला ५ मिलिग्रॅम देतात. काही ठिकाणी वजनाऐवजी वय पाहून पाच वर्षांपुढे ५ देण्याची पद्धत आहे. झटका तीव्र होता म्हणून त्यातच श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध, इप्राट्रोपियम २५० मायक्रोग्रॅम घातलं. त्याच्या नळीत २ मिलीला ५०० असतात, तेव्हा एक मिली. इथेही नळी अर्धीच वापरली, पण कपात एकूण साडेतीन मिली झालं, त्यामुळे कमी पडण्याचा प्रश्न नव्हता. मास्क घट्ट बसवला आणि मशीनऐवजी मिनिटाला सात लिटर ऑक्सिजनवर वाफ चालवली. घरचा कॉम्प्रेसर नुसती हवा ढकलतो. ऑक्सिजन ९१ असलेल्या मुलासाठी हा फरक मोठा आहे. अशा वीस-वीस मिनिटांनी तीन वाफा, पहिल्या तासात.

पहिली वाफ चालू असतानाच प्रेडनिसोलोनचं सिरप पाजलं. ५ मिलीला १५ मिलिग्रॅमवालं, १० मिली, म्हणजे ३० मिलिग्रॅम. किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅमच्या हिशेबात ते बसतं. त्याला उलटी झाली नाही, म्हणून इंजेक्शनची गरज पडली नाही. पोटातून दिलेलं स्टेरॉइड सुईतल्या स्टेरॉइडइतकंच काम करतं, सुईचा आग्रह बहुतेक वेळा नातेवाइकांचा असतो.

दुसऱ्या वाफेनंतर नाडी १३८ वरून १५० वर गेली आणि हात थोडे थरथरू लागले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना ज्याची भीती होती तेच दिसत होतं. मी त्यांना मुलाचं पोट बघायला सांगितलं. खड्डे उथळ झाले होते, श्वास ३६ वर आला होता. साल्ब्युटामॉल अंगात गेलं की नाडी वाढते, थरथर होते, जास्त डोसांनंतर रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हे सगळं मोजत राहायचं, पण श्वास सुधारत असताना नुसती नाडी वाढली म्हणून औषध थांबवायचं नाही. नाडी वाढतेय आणि श्वासही तसाच आहे, मूल सुस्तावतंय, तर मात्र शिरेतून मॅग्नेशियम आणि वरच्या रुग्णालयाचा विचार लगेच करायचा. इथे ती वेळ आली नाही. तासाभराने श्वास ३४, थोड्या ऑक्सिजनवर ९५ टक्के, आणि मुलाने पाणी मागितलं, "मले थंड पानी पाहिजे," असं अख्खं वाक्य बोलून.

"मग ती ब्युडेसोनाइडची नळी?" वडिलांनी विचारलं. "ती जास्त पॉवरफुल ना?"

या दोन नळ्या दिसायला सारख्या असतात, वाफही सारखीच निघते, त्यामुळे हा घोटाळा घरोघरी आहे. साल्ब्युटामॉल श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं, पाच-दहा मिनिटांत फरक दिसतो आणि तो चार-सहा तास टिकतो. ब्युडेसोनाइड स्टेरॉइड आहे. ते श्वासनळीच्या आतली सूज उतरवतं, त्याला काही तास लागतात आणि खरं काम तर रोज घेतल्यावर काही आठवड्यांत होतं. दम लागलेल्या मुलाला ती एकटी देऊन वाट पाहणं म्हणजे गेलेला वेळ. अकरा ते साडेबारा हा दीड तास असाच गेला. झटक्यात सुरुवातीला साल्ब्युटामॉलच्या जोडीने ०.५ ते १ मिलिग्रॅम ब्युडेसोनाइड देणारे डॉक्टर आहेत, दोन्ही एकाच कपात मिसळताही येतात. पण तोंडाने प्रेडनिसोलोन दिल्यावर वरून ब्युडेसोनाइडची वाफ दिल्याने आणखी किती फायदा होतो, याचा पुरावा पक्का नाही. आणि मध्यम-तीव्र झटक्यात ही वाफ प्रेडनिसोलोनची जागा घेऊ शकत नाही. मी या मुलाला ती दिली नाही. अजून एक: ब्युडेसोनाइड पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कण तरंगत असतात. म्हणून नळी हलवून घ्यावी लागते आणि अल्ट्रासॉनिक प्रकारच्या मशीनमधून ते नीट उडत नाही. जिभाऊंचं मशीन जेटचं होतं, तेवढं बरं.

पहाटे पाचला मी मशीन बाजूला ठेवलं आणि स्पेसर मागवला. आई नाराज. "बरा होतोय तर मशीन का काढता सर? पंपाने काय होणार?"

गावात एक क्रमवारी ठरून गेली आहे: सिरप साधं, पंप त्याच्या वर, मशीन सगळ्यात वर आणि सलाईन म्हणजे ब्रह्मास्त्र. मशीन आवाज करतं, धूर काढतं, म्हणून ते जास्त वाटतं. प्रत्यक्षात जीवावर बेतलेला झटका वगळला तर, मुलांमध्ये स्पेसरने दिलेलं साल्ब्युटामॉल नेब्युलायझरइतकंच काम करतं हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलेलं आहे. मुलं आपत्कालीन विभागातून लवकर बाहेर पडतात आणि नाडीही कमी वाढते. अट एकच, फवारे पुरेसे हवेत. झटक्यात सहा वर्षांच्या मुलाला स्पेसरने चार ते दहा फवारे देतात, गरजेप्रमाणे पहिल्या तासात वीस-वीस मिनिटांनी. दोन फवारे हा किरकोळ खोकल्या-शिट्टीचा डोस. वडिलांनी नळीची तुलना त्या दोनाशी केली होती, तिथेच हिशेब फसला. एका नळीच्या जागी आम्ही साधारण सहा फवारे धरतो, म्हणजे २,५०० मायक्रोग्रॅमच्या जागी ६००. अगदी बरोबरीचा तक्ता कोणी मांडू शकत नाही, कारण मुलागणिक आणि मास्कागणिक छातीत जाणारं औषध बदलतं. म्हणून दोन्ही साधनांचे डोस वेगवेगळे पाठ ठेवायचे आणि मूल बघून पुढचा ठरवायचा.

मी वडिलांनाच द्यायला सांगितलं. त्यांनी पंप हलवला, स्पेसरला लावला आणि टचटच दोन फवारे एकदम मारले. घरीही ते असंच करत आले होते. एकदम मारले की थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, दुसरा फवारा बराचसा फुकट जातो. एक फवारा, मग स्पेसरचं टोक तोंडात घट्ट धरून पाच-सहा साधे श्वास, पुन्हा पंप हलवायचा, मग पुढचा. सहा फवाऱ्यांना तीन मिनिटंही लागत नाहीत. स्पेसर आतून कपड्याने चकचकीत पुसलेला होता, तेही नको. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच बसतं. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि न पुसता सुकू द्यायचा.

सकाळी दर तासाला सहा फवारे, मग दोन तासांनी, दुपारनंतर तीन-चार तासांनी. दुसऱ्या दिवशी चार-चार तासांचं अंतर टिकलं, ऑक्सिजनशिवाय ९६ टक्के राहिले, तेव्हा घरी सोडलं. प्रेडनिसोलोन एकूण पाच दिवस.

जाण्याआधी वडिलांनी पिशवीतून आणखी एक बाटली काढली. नळ्या महाग पडतात म्हणून दुकानदाराने दिलेलं साल्ब्युटामॉलचं रेस्पिरेटर सोल्युशन. घरात ठेवू नका असं मी ज्या एका गोष्टीबद्दल सांगतो ती हीच. तिच्यात एका मिलीत ५ मिलिग्रॅम असतात. अडीच मिलिग्रॅमला अर्धा मिली, बाकी सलाईन. नळीच्या सवयीने कोणी तिच्यातले अडीच मिली ओतले तर साडेबारा मिलिग्रॅम होतात. वडिलांची जी भीती नळीबद्दल होती ती या बाटलीबद्दल रास्त ठरली असती. दुकानात लेव्होसाल्ब्युटामॉलच्याही नळ्या मिळतात, त्यांच्यावर १.२५ किंवा ०.६३ असे आकडे असतात. १.२५ ची नळी साध्या साल्ब्युटामॉलच्या २.५ च्या जागी चालते, "कमी ताकदीची" म्हणून दोन टाकायची नसते.

घरासाठीचा कागद छोटा ठेवला. दम लागला की स्पेसरने चार फवारे, एकेक करून. वीस मिनिटांत नीट फरक नाही तर पुन्हा चार आणि गाडी काढायची, वाटेत गरज पडली तर आणखी द्यायचे. बोलता येत नसेल, ओठ निळसर असतील, मूल गळून गेलं असेल तर वीस मिनिटं थांबायचं नाही, दहापर्यंत फवारे देत निघायचं. आराम पडला पण चार तासही टिकला नाही, तरी दाखवायला यायचं. मशीन हवं तर वापरा, पण पूर्ण नळी, घट्ट मास्क आणि वीज असेल तर. मळ्यातल्या घरात रात्री वीज असेलच असं नाही, स्पेसरला ती लागत नाही.

रोजचा ब्युडेसोनाइडचा पंप पुन्हा सुरू केला, १०० मायक्रोग्रॅमचा एक फवारा सकाळी, एक संध्याकाळी, नंतर चूळ. वडिलांनी लगेच आकडे मांडले: त्यांच्या पुतण्याला रोज ०.५ मिलिग्रॅमची वाफ चालते, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, मग आपल्या पोराला २०० च का? उत्तर तेच होतं, या वेळी त्यांनी ते अर्ध्यावरच ओळखलं. या वयात रोजच्या ब्युडेसोनाइडचा कमी डोस पंपाच्या साधनांतून १०० ते २०० धरतात आणि वाफेतून २५० ते ५००. दोन्ही मुलं एकाच पायरीवर होती. पुतण्याची वाफ मशीनवर रोज दहा मिनिटं खाते आणि चेहऱ्यावर स्टेरॉइड बसतं म्हणून नंतर तोंड धुवावं लागतं, एवढा फरक. "मग त्यालाही पंपच आणतो दाखवायला," ते म्हणाले. पुतण्याचं वय विचारलं तर अडीच वर्षं. त्याला स्पेसरला मास्क जोडून द्यावा लागेल आणि डोस पाहूनच ठरेल, म्हणून त्याला घेऊनच या म्हटलं.